सप्लायचा आकडा की मोटरचा? छोट्या गिअर मोटरला करंट लिमिट लावतानाचा माझा अनुभव

पहिल्या नोकरीत माझ्याकडे एका तपासणी यंत्राचं छोटं दार आलं होतं. 12 व्होल्टची गिअर मोटर ते दार उघडायची आणि बंद करायची. मोटर चालताना साधारण 0.25 अँपिअर घ्यायची. दार अडकलं तर मोटर जळू नये, म्हणून मी DRV8871 हा ड्रायव्हर निवडला आणि त्याचं लिमिट 0.6 अँपिअरवर ठेवलं. मग हाताने दार धरून मिनिटभर मोटर अडवली. पॉवर सप्लायच्या डिस्प्लेवर आकडा दिसला 0.23. म्हणजे चालताना लागतो त्यापेक्षाही कमी. मी वहीत लिहिलं, "अडकल्यावर करंट कमी होतो, मोटर सुरक्षित." आवाज दाबायला मोटरभोवती फोमही गुंडाळला.

काही दिवसांनी दाराच्या खाचेत एक स्क्रू पडला आणि दार रात्रभर अडकून राहिलं. सकाळी यंत्राचं झाकण उघडलं तेव्हा जळक्या व्हार्निशचा वास आला. मोटर उकलली तर वाइंडिंग काळं पडलेलं, आणि ब्रश ज्या प्लास्टिकच्या टोपीत बसतात ती टोपी एका बाजूने ओघळलेली. मी वही घेऊन आमच्या सीनियर मॅडमकडे गेलो. त्यांनी 0.23 वर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हा करंट कुठला? सप्लायचा की मोटरचा?"

नव्याने मोटर हाताळणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशीच स्वतःला विचारायला हवा, म्हणून तो नीट उलगडतो.

मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. माझ्या मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स 7.5 ओहम होता. 0.25 अँपिअरवर त्या रेझिस्टन्सवर जेमतेम 1.9 व्होल्ट पडतात, उरलेले 10.1 व्होल्ट म्हणजे बॅक ईएमएफ. शाफ्ट थांबला की हा उलटा व्होल्टेज शून्य होतो आणि करंटला अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स उरतो: 12 भागिले 7.5, म्हणजे 1.6 अँपिअर. हाच स्टॉल करंट. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. चालताना वाइंडिंगमध्ये अर्ध्या वॅटच्या आसपास उष्णता होते, तर पूर्ण स्टॉलमध्ये 19 वॅट. बोटाएवढ्या मोटरमध्ये तांबं असतं काही ग्रॅम. 6 ग्रॅम धरलं तर 19 वॅटवर ते सुरुवातीला सेकंदाला 8 अंशांनी तापतं. आणि हे सगळं आत चालू असताना बाहेरचा डबा अजून कोमट असतो, कारण उष्णता तिथवर पोचायला मिनिटं लागतात. मोटरला हात लावून "फार गरम नाही" म्हणणं म्हणूनच फसवं आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर अर्ध्या सेकंदाच्या स्टॉलने वाइंडिंग फार तर 4 अंश तापेल. प्रत्येक वेळी सुरू होताना मोटर क्षणभर स्टॉलमध्येच असते आणि तिला काही होत नाही. धोका असतो तो वेळेचा.

आता त्या 0.23 चं कोडं. लिमिट लागलं की ड्रायव्हर मोटरला सलग वीज देत नाही. करंट 0.6 ला पोचला की तो सप्लाय तोडतो, 25 मायक्रोसेकंद थांबतो आणि पुन्हा जोडतो. तोडलेल्या काळात मोटरमधला करंट थांबत नाही. वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे तो ड्रायव्हरच्या खालच्या दोन स्विचमधून मोटरमध्येच फिरत राहतो. म्हणजे मोटरमधून जवळपास सलग 0.6 अँपिअर जात असतो, पण सप्लायमधून तो जोडलेल्या काळापुरताच येतो. अडलेल्या मोटरमध्ये 0.6 अँपिअर ढकलायला सरासरी 4.5 व्होल्ट पुरतात. 12 पैकी 4.5, म्हणून सप्लायवर 0.6 च्या जेमतेम तीन-अष्टमांश करंट दिसतो. ते होतात सुमारे 0.23.

वॅटमध्ये मोजलं की हिशेब जुळतो. 12 गुणिले 0.225 म्हणजे 2.7 वॅट, आणि 0.6 चा वर्ग गुणिले 7.5 म्हणजेही 2.7 वॅट. चालताना सप्लायमधून येणारे 3 वॅट बहुतांश दार ढकलण्यात खर्च होत होते, अडकल्यावरचे 2.7 वॅट सगळेच्या सगळे वाइंडिंग तापवत होते. आकडे सारखे दिसले तरी वाइंडिंगमधली उष्णता जवळपास सहापट झाली होती.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. लिमिट नसेल तर यामुळे करंट कमी होतो आणि मोटर स्वतःला थोडी सावरते. लिमिट लावलेला ड्रायव्हर मात्र करंट 0.6 वरच धरून ठेवतो, त्यामुळे रेझिस्टन्स वाढला की उष्णताही वाढते. फोममुळे उष्णता बाहेर पडत नव्हती, तापमान चढत गेलं आणि त्याबरोबर वॅटही चढत गेले. सप्लायकडे मिनिटभराऐवजी वीस मिनिटं पाहिलं असतं, तर 0.23 चे हळूहळू 0.30 होताना दिसले असते. अडलेल्या मोटरचा सप्लाय करंट असा सावकाश वर सरकत असेल तर वाइंडिंग तापतंय असं समजा.

नवीन मोटर आल्यावर मी सगळं पहिल्यापासून केलं. रेझिस्टन्स मोजायला मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर भरवसा ठेवला नाही. तिथे करंट फारच कमी असतो आणि ब्रशच्या संपर्कामुळे आकडा उड्या मारतो. त्याऐवजी मोटरला 1 व्होल्ट दिला. एवढ्यावर आमचा गिअरबॉक्स हलत नव्हता. मोटरमधून 0.13 अँपिअरच्या आसपास करंट गेला. शाफ्ट थोडा थोडा फिरवून सहा ठिकाणी मोजलं आणि सरासरी घेतली. एखाद्या ठिकाणी आकडा ठळकपणे वेगळा आला तर एखादी कॉइल आतून शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. जळलेल्या मोटरवर नेमकं हेच दिसलं होतं. मात्र पूर्ण 12 व्होल्ट देऊन बाहेरचा शाफ्ट पक्कडीत धरू नका. स्टॉल टॉर्क गिअरमधून अनेक पटींनी वाढून शेवटच्या दातांवर येतो, आणि छोट्या गिअरबॉक्सला तो सहसा झेपत नाही. दात तुटल्याचं कारण कित्येकदा हेच असतं.

मग लिमिट ठरवलं. खालची मर्यादा कामाकडून येते. दार सगळ्यात जड जातं तेव्हा, म्हणजे थंड ग्रीस असताना पहिल्या हिसक्याला, मोटरला 0.4 अँपिअर लागत होते. वरची मर्यादा गिअरकडून आणि उष्णतेकडून येते. मी 0.5 घेतलं. DRV8871 मध्ये लिमिट एका रेझिस्टरने ठरतं, आणि त्याचं सूत्र सोपं आहे:

```
I(A) = 64 / R(kΩ)
64 / 127 = 0.504 A
```

0.6 वरून 0.5 हा बदल किरकोळ वाटतो, पण वर्गामुळे उष्णता जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते. फोम काढून टाकला. लिमिट खरंच लागतंय का हे पाहायला मल्टीमीटर यावेळी सप्लायच्या नव्हे, मोटरच्या एका वायरमध्ये घातला. ड्रायव्हर करंटच्या वरच्या टोकाला तोडतो, म्हणून सरासरी थोडी कमी येते. 0.48 दिसलं, आणि तेवढा फरक अपेक्षितच होता.

वाइंडिंगचं तापमान मोजायला थर्मामीटर आत घालता येत नाही, पण तांबं स्वतःच थर्मामीटरचं काम करतं. थंड असताना, 28 अंशांवर, रेझिस्टन्स 7.5 ओहम होता. दार अडवून दहा मिनिटं ठेवलं (0.5 अँपिअरचा टॉर्क गिअरबॉक्सच्या मर्यादेत आहे हे आधी पाहिलं होतं), वीज तोडली आणि लगेच पुन्हा त्याच पद्धतीने मोजलं: 9.1 ओहम.

```
T2 = (R2/R1) × (234.5 + T1) − 234.5
   = (9.1/7.5) × (234.5 + 28) − 234.5 ≈ 84 °C
```

हे मोजमाप वीज तोडल्यावर काही सेकंदांत व्हायला हवं, नाहीतर तांबं निवतं आणि आकडा खोटा दिलासा देतो. ब्रशचा रेझिस्टन्सही या 9.1 मध्ये मिसळलेला आहे आणि तो तांब्यासारखा वाढत नाही, म्हणून खरं तापमान थोडं जास्तच धरावं. 84 अंश वाइंडिंगला सहन होतात. तरी हे उघड्या हवेतले आकडे आहेत, म्हणून हीच चाचणी मी झाकण बंद करून पुन्हा घेतली.

एवढं करूनही अडकलेली मोटर रात्रभर धरून ठेवण्यात काही अर्थ नाही. लिमिट करंट बांधतं, वेळ बांधत नाही. आमच्या मोटरच्या मागे पल्स देणारा एन्कोडर होता, त्यामुळे उपाय काही ओळींचा झाला:

```cpp
if (pulses != lastPulses) {
  lastPulses = pulses;
  lastMove = millis();
} else if (running && millis() - lastMove > 800) {
  digitalWrite(IN1, LOW);
  digitalWrite(IN2, LOW);
  running = false;
  fault = true;
}
```

मोटर सुरू करताना `lastMove = millis();` करायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच फेरीत फॉल्ट येईल. एन्कोडर नसेल तर दार पूर्ण उघडायला लागणारा वेळ मोजून त्याच्या दीडपट वेळेनंतर मोटर बंद करावी.

पुन्हा प्रयत्न करण्याचं मॅडमनी वेगळं पाहायला लावलं. माझ्या पहिल्या कोडमध्ये फॉल्टनंतर दोन सेकंदांनी मोटर परत सुरू व्हायची, आणि हे चालूच राहायचं. प्रत्येक वेळी 0.8 सेकंद तापायचं आणि दोन सेकंद निवायचं असा तो खेळ होता. वाइंडिंग त्याहून कितीतरी सावकाश निवतं, म्हणून दर प्रयत्नाची उष्णता आधीच्यात मिसळत जाते. आता तीन प्रयत्न होतात, त्यानंतर दहा मिनिटं मोटर बंद राहते आणि यंत्रावरचा लाल दिवा लागतो, म्हणजे कुणीतरी येऊन खाचेत काय अडकलंय ते पाहील.