पुढचा भाग शूट करायच्या आधी रिटेन्शनचा आलेख असा वाचा

व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती टक्के लोक बघत होते, ते रिटेन्शनचा आलेख दाखवतो. व्हिडिओ टाकल्याच्या संध्याकाळी तो उघडू नका. रिटेन्शनचा डेटा यायला एक-दोन दिवस लागतात, आणि शंभरेक व्ह्यूज व्हायच्या आत तिथे बघण्यासारखं काही नसतं. मग यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघडा. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर. शेजारी वही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकूण प्रेक्षकांची रेषा बघून काहीही ठरवू नका. नवे प्रेक्षक आणि परत आलेले प्रेक्षक वेगळे करून दोन्ही रेषा बघा. मागच्या वेळी मी हेच केलं नाही. एकूण रेषा घसरली म्हणून गप्पांचा तुकडा उडवला आणि पुढच्या भागात नेमके नेहमीचे प्रेक्षक गळाले. तेव्हा आधी दोन रेषा, मग कात्री.

उदाहरण घेऊ. समजा पुरणपोळीचा १२ मिनिटांचा भाग आहे. पहिल्या ३० सेकंदांनंतर ६८ टक्के लोक टिकलेत. हे चांगलं की वाईट, ते दुसऱ्याच्या चॅनेलवरून ठरवू नका. तुमच्याच साधारण तेवढ्या लांबीच्या मागच्या १० व्हिडिओंशी केलेली तुलना तिथेच दिसते, ती बघा. सुरुवात कमी पडत असेल तर बहुतेक वेळा थंबनेलवर जे दाखवलं ते पहिल्या वाक्यात आलेलं नसतं. फुगलेली पोळी आधी दाखवा, नमस्कार नंतर.

पुढे १:४० ला रेषा ५८ वरून घसरते, २:३० ला ४४ वर येते आणि परत चढत नाही. हे लोक गेले. ५:१० ला ती ४१ वरून ३३ वर उतरते आणि ६:०० ला पुन्हा ४० वर येते. हे लोक गेले नाहीत, त्यांनी पुरण वाटण्याचा भाग पुढे ढकलला आणि लाटणं बघायला आले. दोन्ही उतार दिसायला सारखेच वाटतात, पण पहिल्याने माणूस गमावला, दुसऱ्याने फक्त तेवढा तुकडा बघितला गेला नाही. त्यामुळे आधी पहिल्याचं बघा. ८:२० ला उंचवटा आहे, तिथे पोळी तव्यावर टाकायचा हात लोक मागे नेऊन पुन्हा बघतायत. अशा जागी रेषा १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकते, घाबरू नका. पुढच्या भागात असा हाताचा शॉट जवळून आणि सावकाश घ्या.

१:४० वर कर्सर ठेवून थांबू नका. दहा-पंधरा सेकंद मागे जा आणि आवाजासकट ऐका, कारण माणूस आधी कंटाळतो आणि मग बाहेर पडतो. इथे १:२८ ला वाक्य येतं, "साहित्य बघण्याआधी मागच्या भागातल्या कमेंट वाचूया." सापडलं ना? लगेच कापू नका! दोन रेषा. नव्यांची रेषा इथे कोसळलीय आणि परत आलेल्यांची जवळजवळ सपाट आहे. म्हणजे कमेंट वाचणं वाईट नाही, जागा चुकली. नव्या माणसाला अजून डाळ किती घ्यायची तेही कळलेलं नाही आणि तुम्ही त्याला अनोळखी लोकांची नावं ऐकवताय.

मग कमेंट उचलून पुरण वाटतानाच्या त्या रिकाम्या मिनिटात टाका. नेहमीचे लोक ऐकतील. नवे पुढे ढकलतील आणि लाटायला परत येतील, ते चालतं. साहित्य मात्र १:२८ च्या जागी थेट यायला हवं. हे स्क्रिप्टमध्ये लिहा, शूटच्या वेळी आठवेल या भरवशावर राहू नका.

नव्या किंवा परतलेल्या प्रेक्षकांच्या गटात मोजकेच लोक असतील तर त्याच्या रेषेवर विश्वास ठेवू नका. पाच माणसांतला एक गेला की रेषा २० टक्क्यांनी पडते. जाहिरात चालवली असेल तर ते व्ह्यूजही वेगळे काढा, ते सुरुवात उगाच खराब दाखवतात.

पुढच्या भागात एकच मोठा बदल. सुरुवात, साहित्य आणि संगीत एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तुलना सेकंदाशी नको, टप्प्याशी करा: साहित्य संपताना किती, लाटताना किती. आणि हो, तेव्हाही नवे आणि परतलेले वेगळेच.

शेवटचा उतार सगळ्यांच्याच व्हिडिओत असतो, "चला तर मग" म्हटलं की लोक निघतात. ते म्हणू नका. शेवटी तुमचे दुसरे व्हिडिओ दाखवणारी एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची लावता येते, ती पोळीवर तूप पडत असतानाच सुरू करा. चॅप्टर टाका. आवाज तपासा. अपलोड.