ऑफिसच्या चॅटवर नुसतं ‘हाय’ पाठवताय? या चुका टाळा

टीम्सवर किंवा स्लॅकवर कोपऱ्यात चौकट उघडते. त्यात नाव आणि एकच शब्द: ‘हाय’. खाली तीन टिंबं हलतात, थांबतात, परत हलतात. पाहणाऱ्याचा हातातल्या कामावरचा हात सुटतो, पण नवं काम काय ते अजून कळलेलं नसतं.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. थेट कामाचं बोलणं उद्धट वाटेल, म्हणून आधी हाक मारायची आणि समोरच्यानं ‘बोला’ म्हटलं की पुढे सरकायचं. फोनवर ‘हॅलो’ला हेच काम असतं, कारण त्या क्षणी दोघंही तारेवर असतात. चॅटवर तशी खात्री नसते. समोरची व्यक्ती मीटिंगमध्ये असेल, जेवायला गेली असेल. शिवाय ‘हाय’ला उत्तर देणं म्हणजे काम किती मोठं आहे हे न कळताच त्याला होकार देणं. दोन मिनिटांची शंका आहे की तासाभराची कटकट, याचा अंदाज येत नाही, म्हणून माणूस उत्तर टाळतो. हेच ‘हाय’ साहेबांकडून आलं, तर काय चुकलं असेल याचीच उजळणी मनात सुरू होते.

‘आहेस का?’, ‘फ्री आहात का?’, ‘एक मिनिट मिळेल का?’ यांतही तोच दोष आहे. काम कळल्याशिवाय वेळ आहे की नाही हे सांगणार कसं?

नुकसान सर्वांत ठळक दिसतं ते वेळेच्या फरकात. पुण्यातून संध्याकाळी ५ वाजता न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याला ‘हाय’ गेलं असं धरा. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर असतं, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. तो ९ वाजता कामाला बसतो आणि ‘हाय, बोल’ लिहितो. इथे तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असतात आणि पुण्यातला माणूस घरी निघालेला असतो. खरा प्रश्न जातो दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता, तेव्हा तिकडे रात्रीचा दीड. उत्तर येतं पुन्हा संध्याकाळी साडेसहाला. प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये असता, तर हेच उत्तर २४ तास आधी मिळालं असतं.

मग सुरुवात कशी करावी? नमस्कार गाळायचा नाही. नमस्कार आणि काम एकाच मेसेजमध्ये पाठवायचं. समजा, अकाउंट्समध्ये एका बिलाची रक्कम पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, जुळत नाही आणि वरिष्ठांना विचारायचं आहे:

“नमस्कार मॅडम, स्टेशनरीच्या बिलाबद्दल विचारायचं होतं. पीओ ४८,५०० चा आहे, बिल ४९,५०० चं आलंय. जादा १,००० वाहतुकीचे लावलेत, ते पीओमध्ये नाहीत. बिल परत पाठवू की तुमची मंजुरी घेऊन पास करू? उद्या दुपारी ३ पर्यंत सांगितलंत तरी चालेल, ४ वाजता पेमेंटची यादी बँकेत जाते.”

यात विषय आहे, अडचण आहे, दोन पर्याय आहेत आणि मुदत कारणासह आहे. मॅडमना मोबाइलवरून ‘परत पाठवा’ एवढंच लिहून मोकळं होता येतं. मुदत मात्र खरी लिहावी. प्रत्येक मेसेजला ‘अर्जंट’ लावणाऱ्याचं खरं अर्जंट कामही मग मागे पडतं.

हे सुधारतानाही काही चुका होतात. चौकटीत पहिले काही शब्दच दिसतात. ते ‘कसे आहात, सुट्टी छान झाली ना’ यात संपले, तर पाहणाऱ्याच्या दृष्टीनं तो मेसेज पुन्हा ‘हाय’च. चौकशी जरूर करा, पण विषयानंतर. दुसरी चूक तुकड्यांची: एकेका ओळीला Enter दाबलं की पाच ओळींच्या पाच घंटा वाजतात. कॉम्प्युटरवर नव्या ओळीसाठी Shift+Enter वापरा. आणि पगार, आजारपण, कुणाची तक्रार असे तपशील मात्र पहिल्या मेसेजमध्ये नकोत, कारण समोरची व्यक्ती स्क्रीन शेअर करत असेल तर ती चौकट सगळ्यांना दिसू शकते. तिथे एवढंच पुरे: “एका वैयक्तिक विषयावर १० मिनिटं बोलायचंय. घाई नाही, आज ४ नंतर कधीही चालेल.” साहेबांनी कुणाला बोलवायचं असेल तर ‘जरा भेट’ऐवजी “रजेच्या वेळापत्रकाबद्दल बोलू, ५ वाजता ये” असं लिहावं.

तुम्हालाच नुसतं ‘हाय’ आलं तर गप्प बसून ताटकळत ठेवू नका, आणि ‘नुसतं हाय पाठवू नये’ असं सांगणारी लिंकही चिकटवू नका. नवख्या माणसाला ते फार लागतं. “नमस्कार, बोला. मी ४ पर्यंत मीटिंगमध्ये आहे, काम लिहून ठेवा, सुटल्यावर बघते,” असं लिहिलं की पुढचा मेसेज बहुतेकदा कामासकट येतो.