गणपतीच्या सजावटीचा नकाशा काढताना या चुका टाळा

मखर घरी आणल्यावर ते दारातून आत येत नाही, किंवा येतं पण मग स्वयंपाकघरात जायला वाट उरत नाही, अशी तक्रार दरवर्षी कुणा ना कुणाकडून ऐकू येते. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी नकाशा काढलेला असतो. म्हणजे नकाशात काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती असतात माणसं. सोफा, टीव्ही, मखर यांचे चौकोन कागदावर छान बसतात. पण पूजेला बसणारा, आरतीला उभे राहणारे आणि नैवेद्याचं ताट घेऊन येणारी व्यक्ती यांना कागदावर जागाच दिलेली नसते.

मापं पाठ आहेत म्हणून न मोजणं

"आमचा हॉल दहा बाय चौदा" हे बिल्डरच्या कागदावरचं माप झालं. प्लास्टर, कोपऱ्यातून पुढे आलेला कॉलम, तळाची स्कर्टिंग हे सगळं धरून टेप लावली की आकडा बदलतो. मोजायचं ते सेंटिमीटरमध्ये. फूट-इंचात एक चूक फार होते: 5 फूट 8 इंच हे माप 5.8 असं लिहिलं जातं आणि पुढे तेच 5.8 फूट म्हणून वापरलं जातं. दोन्हींत दीड इंचाहून थोडा जास्त फरक आहे. मखराच्या बाजूच्या फटीत तेवढा फरकही नडतो.

कागदावर काढणार असाल तर साधा आलेखाचा कागद घ्या आणि 1 सेंटिमीटर म्हणजे 20 सेंटिमीटर असं प्रमाण धरा. 300 बाय 420 चा हॉल 15 बाय 21 मध्ये बसतो. सोफा, मखर, टीव्ही युनिट वेगळ्या कागदाचे कापून घ्या, म्हणजे ते सरकवून बघता येतात. खोडरबर वापरायचा कंटाळा आला की माणूस पहिल्याच मांडणीवर थांबतो. कापलेले तुकडे असले की तसं होत नाही.

ॲपवर काम करायचं तर Sweet Home 3D मोफत आहे आणि कॉम्प्युटरवर नीट चालतं. त्यातली ठरलेली अडचण अशी, की भिंतीची रेघ तुम्ही काढता ती भिंतीच्या मध्यातून जाते. भिंतीची जाडी 10 सेंटिमीटर असेल आणि तुम्ही 300 ची रेघ ओढली, तर आतून खोली 290 चीच होते. म्हणून भिंती काढून झाल्या की आतल्या बाजूने माप घेऊन तपासा आणि कमी भरलं तर भिंत तेवढी लांब करा. दुसरं म्हणजे, यादीतला सोफा तुमच्या सोफ्याएवढा नसतो. त्यावर डबल-क्लिक करून लांबी, रुंदी, उंची आपली घाला. मखर यादीत मिळणार नाही. एखादं कपाट घ्या आणि त्याला मखराची मापं द्या, काम भागतं.

माणसांना जागा न देणं

एक हॉल धरू: रुंदी 300, लांबी 420. मुख्य दार आखूड भिंतीत, डाव्या कोपऱ्याला. ते 90 सेंटिमीटरचं आहे आणि आत उघडतं. आत आल्यावर समोरच्या भिंतीवर मखर मांडायचंय. त्याच टोकाला डाव्या भिंतीत स्वयंपाकघराची वाट आहे, कोपऱ्यापासून 20 सेंटिमीटर सोडून, 80 रुंद. उजव्या भिंतीला 190 बाय 85 चा सोफा, डाव्या भिंतीला 40 खोल टीव्ही युनिट. पसंत पडलेलं मखर 120 रुंद आणि 75 खोल.

कुणीही मखर मधोमध ठेवेल. दोन्ही बाजूंना 90-90 उरतात आणि कागदावर सुरेख दिसतं. आता स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर या. त्या 90 च्या पट्ट्यातच डावी समई उभी असते. तिची बैठक 25 ची, म्हणजे चालायला उरतात 65. हातात गरम ताट, खांद्यावर पदर आणि शेजारी पेटती ज्योत. हे सजावटीचं नाही, सुरक्षिततेचं कारण आहे.

मखर 40 सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. डावीकडे 130 मिळतात, उजवीकडे 50. समई उजवीकडे, मखराच्या कापडापासून दूर, थोडी पुढे ठेवायची. डावी बाजू मोकळी सोडायची. भिंतीवरचा स्विचबोर्ड डावीकडे असेल तर तोही मखरामागे न जाता हाताशी राहतो.

मग समोरून मोजा. मखर 75, त्यापुढे पाट आणि पूजेचं साहित्य मिळून 100. म्हणजे सोफा मागच्या भिंतीपासून 175 नंतरच सुरू झाला पाहिजे. तो 365 ला संपतो, पुढे 55 शिल्लक. सोफा आणि टीव्ही युनिट यांच्यामध्ये 300 वजा 85 वजा 40, म्हणजे 175 रुंदी राहते. माणसागणिक 55 धरले तर एका रांगेत तिघं. दोन रांगांना 100 खोली द्या. हे झाले सहाजण, आणि त्यांच्या मागे 55 सोडून दाराचं पान फिरतं. घरात दहा-बारा जण आरतीला येणार असतील, तर सोफा त्या दिवसांपुरता बेडरूममध्ये न्यायचा की नाही, हे खरेदीआधी इथेच ठरतं.

फक्त वरून बघणं

समोरून दिसणारं चित्र काढलं नाही तर उंचीचा घोळ होतो. समजा मखराच्या आतली उंची 60 आहे. पाट 5, मूर्ती मुकुटासकट 45, म्हणजे वर फक्त 10 सेंटिमीटर. एवढ्या जागेतून हार घालता येत नाही आणि दूर्वा वाहताना हात कमानीला लागतो. वर निदान 25 ते 30 मोकळे हवेत. कमान वर निमुळती होत असेल तर मूर्तीच्या खांद्याच्या उंचीला रुंदी किती आहे ते बघा, कारण विसर्जनाच्या दिवशी मूर्ती दोन हातांनी धरून याच तोंडातून बाहेर काढायची आहे.

ॲपमधलं थ्रीडी चित्र इथे फसवतं. खोली प्रत्यक्षापेक्षा ऐसपैस दिसते. Sweet Home 3D मध्ये बघणाऱ्याची उंची बदलता येते. ती जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी, साधारण 75 सेंटिमीटर करा आणि बाप्पाचा चेहरा निरांजनाच्या ताटामागे झाकला जातोय का ते बघा. झाकला जात असेल तर चौरंग उंच घ्या किंवा ताट बाजूला सरकवा.

पंख्याचं मात्र कुठलंही चित्र सांगत नाही. पंखा चालू करून मखराच्या जागी निरांजन लावून बघा.

नकाशा झाला की लगेच दुकानात जाणं

आधी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून मखराचा 120 बाय 75 चा आकार मांडा, कडा चिकटपट्टीने धरा आणि एक दिवस तसंच राहू द्या. सगळ्यांना नेहमीसारखं वावरू द्या. कागद कुठे फाटतो तिथे वाट आहे.

खरेदीची मापं नकाशावरून काढताना कापड सपाट धरू नका. 150 रुंदीच्या मागच्या पडद्याला चुण्या हव्या असतील तर दुप्पट, म्हणजे 300 रुंदी लागते. झेंडूची माळ झोल देऊन लावायची तर ती दोन टोकांमधल्या अंतरापेक्षा लांब हवी. सुतळी तशीच लोंबती धरून मोजा आणि तेवढं माप फुलवाल्याला सांगा. लाइटच्या माळेची वायर स्विचबोर्डापासून मखराच्या वरच्या टोकापर्यंत, भिंतीच्या कडेने, पेन्सिलने काढा. ती स्वयंपाकघराच्या वाटेतून आडवी जात असेल तर मखराची दुसरी बाजू धरा आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड यादीत लिहा.