सामान्यरूप ओळखताना ‘ला’ कुठे फसतो

भाचीच्या वहीत ‘चादरींना’ या शब्दाचं सामान्यरूप ‘चादर’ असं लिहिलेलं दिसलं. तो झाला मूळ शब्द. ही चूक टाळायला एवढंच करा:

1. शब्दाला ‘ला’ किंवा ‘ना’ जोडून मोठ्याने म्हणा: चादरीला, चादरींना.
2. आता फक्त प्रत्यय पुसा. उरलं ते सामान्यरूप: चादरी, चादरीं. अनेकवचनातला अनुस्वार प्रत्ययाचा नाही, सामान्यरूपाचाच आहे. तो पुसू नका, गुण तिथेच जातात.

सर्वनामालाही हेच चालतं: तो, त्याला, म्हणून ‘त्या’. ते (अनेक), त्यांना, म्हणून ‘त्यां’.

गावाच्या नावाला मात्र ‘ला’ फसवतो. आपण ‘सोलापूरला जातो’ म्हणतो, तिथे शब्द बदलतच नाही. अशा वेळी ‘त’ लावा: सोलापुरात. ‘त’ काढला की ‘सोलापुरा’ हाती येतं. इथे ‘पू’ चा ‘पु’ झाला, तेही लक्षात घ्या. शेवटच्या अक्षराच्या आधीचा दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ह्रस्व होतो, जसं फूल-फुलाला, गरीब-गरिबाला. एसटीच्या पाटीवर ‘सोलापूर’ बरोबर आणि निबंधात ‘सोलापुरात’ही बरोबर, ते यामुळेच. (‘सोलापूरात’ लिहिलेले फलक शहरात पुष्कळ दिसतील, त्यांच्यावर जाऊ नका.)

सावध एका ठिकाणी राहा: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ह्रस्व होत नाहीत. शरीर-शरीरात, परीक्षा-परीक्षेला असंच लिहायचं.