युक्तिवादाच्या आकृतीत बाण एक की दोन?

दोन आधारविधाने एकाच निष्कर्षाकडे नेत असली, तरी ती परस्परांवर अवलंबून आहेत की स्वतंत्र, हे ठरवल्याशिवाय बाण काढू नये. न्यायदर्शनातील परिचित उदाहरण घेऊ: (१) पर्वतावर धूर आहे. (२) जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो. (३) म्हणून पर्वतावर अग्नी आहे. येथे (२) खोटे मानले, तर (१) वरून अग्नीविषयी काहीच सांगता येत नाही, आणि (१) वगळले तर (२) चा या पर्वताशी संबंधच उरत नाही. ही आधारविधाने संयुक्त आहेत. १ आणि २ शेजारी लिहून मध्ये अधिकचिन्ह द्यावे, दोहोंखाली एक आडवी रेघ ओढावी आणि त्या रेघेपासून ३ कडे एकच बाण काढावा.

आता (४) ‘पर्वतावरून परतलेल्या गुराख्याने ज्वाळा पाहिल्या’ हे विधान जोडले, तर ते धुराविना आणि व्याप्तीविनाही, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या नियमाविनाही, ३ ला आधार देते. म्हणून ४ पासून ३ कडे वेगळा बाण जातो. अशा स्वतंत्र आधारांना अभिसारी म्हणतात.

चाचणी करताना ‘एक विधान काढल्यावर निष्कर्ष दुबळा होतो का?’ असे विचारू नये, कारण तो दोन्ही प्रकारांत दुबळा होतो. उरलेल्या विधानाचे स्वतःचे बळ टिकते का, हे पाहावे. गुराख्याच्या साक्षीमागेही ‘तो विश्वासार्ह आहे’ हे अध्याहृत विधान असते. ते लिहायचे ठरवल्यास ते ४ शी अधिकचिन्हाने जोडावे, १ किंवा २ शी नव्हे.