काटाकाटी कुठे चुकते? आठवीतल्या मुलाच्या पालकांना पत्र

सप्रेम नमस्कार,

घटक चाचणीचा पेपर घरी आल्यावर तुमची चिठ्ठी मिळाली. मुलाला अवयव पाडता येतात, मग ‘सरळ रूप द्या’ या प्रश्नात गुण का गेले, असं तुम्ही विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. ‘अवयव पाडा’च्या प्रश्नात त्याला 4 पैकी 4 आहेत, आणि त्याच्या पुढच्याच प्रश्नात 9 पैकी 2. हा हलगर्जीपणा नाही. त्याच्या डोक्यात एक चुकीचा नियम पक्का बसला आहे आणि तो प्रत्येक वेळी तोच इमानाने वापरतो.

त्याच्या पेपरातलं पहिलं उदाहरण बघा:

(x² + 5x + 6) / (x² − 4)

त्याने वरच्या आणि खालच्या x² वर तिरकी रेघ मारली आणि उत्तर लिहिलं (5x + 6) / (−4). वर x² आहे, खालीही x² आहे, सारखं दिसलं की काटायचं, हा तो नियम.

पाचवी-सहावीत हा नियम कधी अडला नाही, कारण तिथे 30/42 म्हणजे (6 × 5)/(6 × 7) असायचं. वर-खाली गुणाकार असल्यामुळे 6 काटला की 5/7 उरतो आणि ते बरोबर असतं. आता गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवून बघा: (6 + 5)/(6 + 7). याची किंमत 11/13. इथे 6 काटले तरी 5/7 च उरतो, पण 11/13 आणि 5/7 समान नाहीत. काटणं म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही एकाच संख्येने भागणं. 6 × 5 ला 6 ने भागलं की 5 उरतो. 6 + 5 ला 6 ने भागलं तर 5 उरत नाही. गुणाकारात जोडलेल्या भागाला अवयव म्हणतात, बेरीज-वजाबाकीत जोडलेल्या भागाला पद. अवयव काटता येतो, पद काटता येत नाही.

वरच्या उदाहरणात x² हे पद आहे. म्हणून आधी अवयव पाडायचे, मगच काटायचं:

[(x + 2)(x + 3)] / [(x + 2)(x − 2)] = (x + 3)/(x − 2)

या उदाहरणाला 3 गुण आहेत: अंशाच्या अवयवांना 1, छेदाच्या अवयवांना 1, उत्तराला 1. पहिल्याच ओळीत x² काटल्यामुळे अवयवांची पायरी पेपरात आलीच नाही. येत असूनही त्याचे तिन्ही गुण गेले ते यामुळे.

घरी समजावताना ‘अधिक-उणे दिसलं की काटू नकोस’ असं कृपया सांगू नका. सोपा वाटतो, पण तोही चुकीचाच नियम आहे. (x + 2)(x + 3) मध्ये अधिक आहे, तरी (x + 2) काटता येतो. उलट [(x + 2) + 5]/(x + 2) मध्ये कंस छान दिसतो, पण काटता येत नाही. हा नियम ऐकलेली मुलं पुढे बरोबर ठिकाणीही काटायला घाबरतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: x च्या जागी संख्या ठेवून ही राशी मोजायला बसलास, तर सगळ्यांत शेवटी काय करशील? x² + 5x + 6 मध्ये शेवटी बेरीज होते, म्हणजे ही पदं आहेत, रेघ मारायची नाही. (x + 2)(x + 3) मध्ये आधी दोन्ही कंस मोजून शेवटी गुणाकार होतो, म्हणजे हे अवयव आहेत. अंश आणि छेद दोन्हीकडे शेवटची क्रिया गुणाकार असली (किंवा एका बाजूला एकटाच अवयव असला) आणि तोच अवयव दोन्हीकडे असला, तरच काटायचं.

दुसरी चूक अर्धवट काटण्याची आहे. (6x + 9)/3 मध्ये त्याने फक्त 9 ला 3 ने भागलं आणि 6x + 3 लिहिलं. इथे घरातलं उदाहरण उपयोगी पडेल. प्रत्येकी x लाडूंचे 6 भरलेले डबे आणि 9 सुटे लाडू तिघांत वाटायचे आहेत. सुटे लाडू प्रत्येकी 3 दिले, पण सहाही डबे एकालाच दिले, तर ती वाटणी झाली का? प्रत्येकाला 2 डबे आणि 3 लाडू, म्हणजे 2x + 3. अवयव पाडून 3(2x + 3)/3 लिहिलं की ही चूक होतच नाही. ती आत्ताच थांबवायला हवी, कारण दहावीच्या वर्गसमीकरणात ती हमखास परत येते: (4 ± 2√3)/2 चं उत्तर 2 ± √3 आहे, पण मुलं 4 ± √3 लिहून मोकळी होतात.

तिसरं उदाहरण होतं x / [x(x + 3)]. उत्तर 1/(x + 3) हवं, त्याने 0/(x + 3) लिहिलं. x − x आणि x/x या दोन्हींना मुलं ‘कट झालं’ म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. वजा होऊन गेलं की 0 उरतो, भागून गेलं की 1 उरतो. काही दिवस त्याला रेघेशेजारी बारीक 1 लिहायला लावा. इथे छेदाचे अवयव आधीच दिलेले होते आणि काटण्याची जागाही बरोबर होती, म्हणून 2 गुण मिळाले. त्या प्रश्नातले त्याचे गुण तेवढेच.

पडताळा तुम्हाला बीजगणित न येताही घेता येईल. मूळ राशीत आणि उत्तरात x च्या जागी 3 ठेवायला सांगा. पहिल्या उदाहरणात मूळ राशी (9 + 15 + 6)/(9 − 4) = 30/5 = 6. त्याच्या उत्तरात 21/(−4) येतं, बरोबर उत्तरात 6/1 = 6. x = 0 मात्र ठेवू देऊ नका. त्याला सोपं म्हणून तो तेच निवडेल, आणि इथे 0 ठेवलं तर मूळ राशी आणि त्याचं चुकीचं उत्तर दोन्ही 6/(−4) येतात. जे x² त्याने चुकून काटलं, तेच 0 ठेवल्यावर शून्य होतं, म्हणून चूक झाकली जाते. छेद शून्य होईल अशी संख्याही चालत नाही. या उदाहरणात 2 किंवा −2 ठेवता येणार नाही.

या आठवड्यात नवी उदाहरणं सोडवून घेऊ नका. रोज दहा मिनिटं खालच्यासारखी उदाहरणं समोर ठेवा आणि फक्त ‘आहे तसं लगेच काटता येईल का, आणि का’ एवढंच तोंडी विचारा:

5x/5, (x + 5)/5, 5(x + 2)/5, (5x + 2)/5, (5x + 10)/5

पहिलं आणि तिसरं लगेच काटता येतं. दुसरं आणि चौथं येत नाही. पाचव्याला ‘आधी 5 सामाईक काढतो, मग काटतो’ असं तो आपणहून म्हणाला, तर त्याला कळलं असं समजा. नुसतं ‘हो’ म्हणाला तर कारण विचारा; उत्तर बरोबर असूनही कारण जुनंच असू शकतं.

उत्तरपत्रिकेत ज्या रेघांना मी लाल गोल केला आहे, त्या प्रत्येक रेघेशेजारी त्याने ‘पद’ की ‘अवयव’ हे लिहून उत्तरपत्रिका सोमवारी माझ्याकडे द्यावी. तिन्ही उदाहरणं मी त्याच्याकडून फळ्यावर पुन्हा सोडवून घेईन.

आपला,
गणित शिक्षक, इयत्ता आठवी