शेअरविक्रीचा नफा आणि लाभांश : कर असा मोजावा

सांगलीतील एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांनी एका सूचीबद्ध कंपनीचे 200 शेअर 6 मे 2024 रोजी प्रत्येकी 400 रुपयांना आणि आणखी 100 शेअर 12 नोव्हेंबर 2024 रोजी 500 रुपयांना घेतले. दोन्ही खरेद्या एकाच डीमॅट खात्यात झाल्या. मुलीच्या प्रवेशासाठी पैसे हवे म्हणून 4 ऑगस्ट 2025 रोजी त्यांनी 250 शेअर 650 रुपयांना विकले. त्या वर्षी विक्रीपूर्वी, सगळे 300 शेअर हाती असताना, कंपनीने शेअरमागे 8 रुपये लाभांशही दिला होता. हे सारे 2025-26 या आर्थिक वर्षात येते, म्हणून पुढील हिशेब त्या वर्षाच्या नियमांनुसार मांडला आहे.

सर्वप्रथम, विकलेले शेअर नेमके कोणते, हे ठरवावे. येथे आपली मर्जी चालत नाही. एका डीमॅट खात्यात जे आधी आले ते आधी विकले गेले, असे कायदा धरतो. त्यामुळे मे महिन्यातील सगळे 200 आणि नोव्हेंबरमधील 50 शेअर विकले गेले. हा क्रम प्रत्येक डीमॅट खात्यापुरता स्वतंत्र असतो, त्यामुळे दोन खाती असलेल्याला कोणत्या खात्यातून विकायचे एवढी निवड मात्र उरते. बोनस शेअर असतील तर त्यांची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्यांचा काळ मूळ खरेदीपासून नव्हे, तर बोनस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात.

त्यानंतर प्रत्येक खरेदीचा धारणकाल काढावा. सूचीबद्ध शेअर 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असतील तरच नफा दीर्घकालीन ठरतो. ‘पेक्षा जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून वर्ष भरले त्याच दिवशी विक्रीची घाई न करता एक-दोन दिवस मध्ये सोडावेत. तारखा ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्याव्यात. खात्यात शेअर दिसू लागले तो दिवस धरल्यास हिशेब चुकतो.

आता आकडे पाहू. मे महिन्यातील 200 शेअरवर प्रत्येकी 250 रुपये, म्हणजे 50,000 रुपये दीर्घकालीन नफा झाला. असा नफा वर्षभरात सर्व शेअर आणि इक्विटी फंड मिळून सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो आणि त्यावरील रकमेवर साडेबारा टक्के कर लागतो, त्यामुळे येथे कर शून्य. उरलेल्या 50 शेअरना मात्र नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्यांवरील 7,500 रुपयांचा नफा अल्पकालीन ठरून 20 टक्क्यांनी 1,500 रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर 60 रुपये, असे एकूण 1,560 रुपये होतात. दलाली नफ्यातून वजा करता येते (येथे सोयीसाठी ती सोडली आहे), पण रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, वजा होत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबले असते, तर हे 1,560 रुपयेही वाचले असते. परंतु 50 शेअरवर वाटून पाहिल्यास ही बचत शेअरमागे जेमतेम 31 रुपये होते. भाव तेवढा उतरला असता तरी सारी बचत गेली असती. केवळ करासाठी थांबावे की नाही, याचा निर्णय माझ्या मते हा भागाकार केल्याशिवाय घेऊ नये.

यात आणखी एक जागा आहे, जिथे पगारदार हमखास चकतात. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, असे सर्वांना पाठ झाले आहे. ती सवलत या अल्पकालीन नफ्यावरील कराला मिळत नाही. त्यामुळे आपल्या गृहस्थांचे करपात्र वेतन नऊ लाख असून त्यावर काही भरावे लागत नसले, तरी 1,560 रुपये भरावेच लागतात. याउलट निवासी भारतीय असलेल्या एखाद्या निवृत्ताचे इतर उत्पन्न नव्या प्रणालीतील चार लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेहून कमी असेल, तर चार लाखांना जेवढे कमी पडते तेवढा नफा त्यात सामावतो आणि तेवढ्यावर कर लागत नाही.

लाभांशाचा हिशेब सोपा आहे, कारण तेथे धारणकालाचा प्रश्नच नाही. तो इतर उत्पन्नात मिळवून आपल्या टप्प्याच्या दराने कर मोजावा. या गृहस्थांच्या 2,400 रुपयांवर वरील सवलतीमुळे कर येत नाही. एका कंपनीकडून वर्षात 10,000 रुपयांहून अधिक लाभांश मिळाला तरच ती 10 टक्के टीडीएस कापते. कपात झाली नाही म्हणून लाभांश दाखवायचा नाही, हा समज चुकीचा आहे. 15,000 रुपये लाभांशातून 1,500 कापून 13,500 जमा झाले असतील, तर विवरणपत्रात पूर्ण 15,000 लिहावेत आणि कापलेले 1,500 करातून वळते करावेत.

शेवटी प्राप्तिकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, ब्रोकरच्या भांडवली नफ्याच्या तक्त्याशी ताडून पाहावे. दुसऱ्या डीमॅट खात्यातून वळवलेल्या शेअरची खरेदी किंमत तेथे कोरी किंवा चुकीची असू शकते. अशा वेळी जुनी कॉन्ट्रॅक्ट नोटच उपयोगी पडते. अल्पकालीन नफा असल्याने या गृहस्थांना आयटीआर-1 चालणार नाही, आयटीआर-2 भरावे लागेल. विक्रीत तोटा झाला असता, तर तो पुढील आठ वर्षे ओढण्यासाठी विवरणपत्र मुदतीत, म्हणजे 31 जुलै 2026 पर्यंत, भरणे आवश्यक ठरले असते.